बीड, चिनी माती, पीव्हीसी : सांडपाण्याच्या पाईपचा खानदेशी हिशेब

जळगावात हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'चार इंची पाईप द्या' म्हटलं की दुकानदार एकच प्रश्न विचारतो, किती नग? कशाचा, हे तो विचारत नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. जैन उद्योगसमूहाने १९८० मध्ये या शहरात पीव्हीसी पाईप काढायला सुरुवात केली. गाडेगावला सुप्रीमचा मोठा कारखाना आहे. शेतातली लाईन असो की घराचं बांधकाम, पीव्हीसी हा इथे घरचा माल आहे. बिडाचा पाईप हवा असेल तर मागवावा लागतो. आणि चिनी मातीचा, म्हणजे साईटवर ज्याला 'स्टोनवेअर' म्हणतात तो मागितला, तर गल्ल्यावर म्हातारे मालक बसलेले असतील तरच ओळखीचं हसू दिसतं.

यातून एक समज पक्का झालाय. पूर्वी दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून लोक बीड आणि चिनी माती वापरायचे, आता पीव्हीसी आलं, विषय संपला. हा समज निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा मला धुळ्यात, देवपुरातल्या एका जुन्या इमारतीने शिकवला. तिच्याच आधाराने हा आढावा घेतो, कारण तिच्यात तिन्ही पाईप एकाच वेळी होते आणि तिन्ही आपापल्या परीने बिघडलेले होते.

इमारत १९८०च्या दशकातली, तळमजला आणि वर दोन मजले. पश्चिमेच्या भिंतीवर बिडाचा उभा नळ. अंगणातून सेप्टिक टँकपर्यंत जमिनीखाली चिनी मातीची लाईन, साधारण १५ मीटर. आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं नूतनीकरण करताना कोणा ठेकेदाराने बसवलेला पीव्हीसीचा तुकडा, जो खालच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीच्या छतालगत लटकत होता. रहिवाशांच्या तक्रारी तीन होत्या. पहिल्या मजल्यावर रात्री धबधब्यासारखा आवाज येतो. अंगणात वास येतो. आणि इमारतीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात भिंतीला तिरकी भेग गेली आहे. तिसरी तक्रार त्यांनी मला पाईपवाला म्हणून सांगितलीच नव्हती. चहा पिताना सहज बोलण्यात आली.

आवाजापासून सुरुवात करू, कारण पीव्हीसीविरुद्ध सगळ्यात रास्त तक्रार तीच आहे. ११० मिलिमीटरचा, म्हणजे आपला चार इंची, जाड प्रतीचा पीव्हीसी पाईप मीटरला दीड किलोच्या आसपास भरतो. त्याच मापाचा बिडाचा पाईप, तो यंत्रावर फिरवून ओतलेला आहे की वाळूच्या साच्यात, यावर मीटरला ८ ते १२ किलो. आवाज अडवणं हे बहुतांशी वजनाचं काम आहे. भिंतीचं किंवा पाईपचं वजन दुप्पट झालं की पलीकडे येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. या नियमाने बीड आणि पीव्हीसीत १५ डेसिबलच्या आसपास फरक पडायला हवा. आणि १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार कल्पनेतली नव्हती. मे महिन्यात ती नव्हतीही. तेव्हा रात्रभर कूलर घोंघावतो आणि त्याच्यापुढे कुठलाच पाईप ऐकू येत नाही. जानेवारीत पहाटे पाचला वरच्या आजोबांनी फ्लश ओढला की मात्र त्या दचकून उठत.

पण नुसतं वजन सगळं सांगत नाही. उभ्या नळात पाणी भरून वाहत नाही, आतल्या भिंतीला चिकटून पत्र्यासारखं उतरतं. घर्षणामुळे एकदोन मजल्यांतच त्याचा वेग ठरून जातो, सेकंदाला तीन ते पाच मीटर, आणि पुढे तो वाढत नाही. त्यामुळे 'आमची इमारत उंच, म्हणून खाली आवाज जास्त' हे खरं नाही. जळगाव महापालिकेच्या सतरा मजली इमारतीतलं पाणीही तळाशी साधारण याच वेगाने पोचणार. आवाज होतो तो वळणावर. खाली येणारं पाणी काटकोनातल्या एल्बोवर आदळतं, पाईपची भिंत थरथरते, ती थरथर क्लॅम्पमधून स्लॅबमध्ये जाते आणि अख्खं छत लाऊडस्पीकर होतं. या इमारतीत ठेकेदाराने नेमकं तेच केलं होतं. बेडरूमच्या वरच काटकोनी एल्बो, आणि लोखंडी पट्टीचा क्लॅम्प स्लॅबमध्ये थेट खिळलेला.

उपाय तीन होते. काटकोनी एल्बो काढून ४५ अंशाचे दोन बेंड, मध्ये वीतभर सरळ तुकडा. क्लॅम्पला आतून रबराची पट्टी. आणि तेवढ्या तीन मीटरपुरता बिडाचा पाईप, किंवा पीव्हीसीच ठेवून त्याभोवती काचतंतूची गादी आणि बाहेरून जाड बोर्डाची पेटी. मोठ्या शहरांत आता खनिज भुकटी घातलेले, अनेक थरांचे, वजनदार प्लास्टिक पाईप मिळतात आणि ते खास आवाजासाठीच बनवलेले असतात. ते मागवता येतात, पण तीन मीटरसाठी कोण मागवणार? आम्ही बेंड, रबर आणि पेटी केली. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेटी करताना पाईप तिला कुठेही टेकता कामा नये. टेकला की सगळा खर्च वाया, कारण थरथर पेटीतच उतरते.

चिनी मातीचा पाईप या वादात नाहीच. तो जड आणि ठिसूळ, भिंतीवर उभा लटकवत नाहीत. त्याची जागा जमिनीखाली.

आता बाहेरची भिंत. खानदेशात उभे नळ बहुतेक बाहेरूनच असतात, आणि पश्चिमेची भिंत म्हणजे मे महिन्यात तवा. हवेचा पारा ४४-४५ अंशांवर असतो तेव्हा भिंतीला चिकटलेला, ऊन पडलेला पाईप ६० अंशांपर्यंत तापतो. जानेवारीतल्या पहाटे तोच दहा अंशांवर असतो. फरक ५० अंशांचा. पीव्हीसी दर मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०६ मिलिमीटर वाढतं. तीन मीटरच्या एका नगाचा हिशेब केला तर ९ मिलिमीटर. तीन मजल्यांच्या नळात असे तीन-चार नग, म्हणजे एकूण तीन सेंटिमीटरच्या आसपास. बीड याच्या पाचव्या हिश्श्याहूनही थोडं कमी वाढतं, त्यामुळे बिडात हा प्रश्नच कधी आला नाही आणि बिडावर हात बसलेल्या जुन्या मिस्त्र्यांना तो ठाऊक नव्हता.

पीव्हीसीच्या सांडपाण्याच्या पाईपला रबरी रिंगचं सॉकेट असतं ते याचसाठी. पाईप पूर्ण आत घालायचा, पेन्सिलने खूण करायची आणि मग दहा मिलिमीटर बाहेर ओढायचा. ती मोकळी जागा म्हणजे मे महिन्याची तरतूद. वरचा हिशेब पाहिला तर ही दहा मिलिमीटर कुठून आली ते लगेच कळतं. पण प्लंबरला सोल्यूशन लावून चिकटवणं सोपं वाटतं. मग अख्खा नळ एकसंध होतो, उन्हाळ्यात वाकतो, क्लॅम्प उपटतो, किंवा जिथे बाथरूमची फांदी जोडलेली असते तिथे तडा जातो. भिंतीवरचा पीव्हीसी नळ दुपारी धनुष्यासारखा वाकलेला आणि सकाळी सरळ दिसला, तर रिंगऐवजी सोल्यूशन वापरलंय हे खुशाल समजावं. चिकटवलेलाच नळ हवा असेल तर दर मजल्याला प्रसरणाचं एक सॉकेट लागतं.

उन्हाचा दुसरा त्रास रंगाचा. पीव्हीसीच्या बाहेरच्या थराला ऊन वर्षानुवर्षं लागलं की तो खडूसारखा होतो, बोटाला पांढरी भुकटी लागते, आणि मग लहान धक्क्यानेही तडकतो. जर्मनीत १९३०च्या दशकात पुरलेले पीव्हीसी पाईप अनेक दशकांनी उकरून पाहिले तेव्हा चांगल्या स्थितीत निघाले, असं या धंद्यात अभिमानाने सांगतात. ते खरं आहे, पण ते पुरलेले होते. पश्चिमेच्या भिंतीवर पीव्हीसीला फिकट रंगाचा हात द्यावा आणि पाच-सात वर्षांनी पुन्हा द्यावा.

प्रतीचंही इथेच सांगतो. सांडपाण्याच्या पीव्हीसी पाईपसाठी भारतीय मानक आहे आय.एस. १३५९२. त्यात दोन प्रकार आहेत. 'ए' प्रकार पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळासाठी, ११० मिलिमीटरला भिंत २.२ मिलिमीटर. 'बी' प्रकार संडास आणि सांडपाण्यासाठी, भिंत ३.२ मिलिमीटर. दोन्ही दिसायला सारखेच आणि भावात फरक, त्यामुळे 'ए' कुठे जातो ते सांगायला नको. छपाई वाचता आली नाही तर वजन करावं. तीन मीटरचा 'बी' नग साडेचार-पाच किलो भरतो, 'ए' सव्वातीनच्या आसपास. किराणा दुकानातला काटाही पुरतो.

त्या इमारतीतल्या बिडाच्या नळाची गोष्ट वेगळी होती. समोरून तो झकास दिसत होता, दर काही वर्षांनी काळा रंग दिलेला. मागची बाजू, जी भिंतीकडे असते आणि जिथे ब्रश पोचत नाही, ती पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होती. जुनी पद्धत नळाला भिंतीपासून दोन बोटं सुटा ठेवण्याची होती, ती इथे पाळली नव्हती. बीड गंजताना एक फसवणूक करतं. ओल असलेल्या जागी त्यातलं लोखंड निघून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा जसाच्या तसा उभा राहतो. आकार तोच, रंग तोच, पण चाकूने कोरता येतो. ओळखायची रीत सोपी. छोट्या हातोडीने ठोकत जायचं. धड बीड घंटेसारखं वाजतं, मेलेलं बीड ठस्स करतं. आमच्या नळात तळाचा दीड मीटर ठस्स होता, वरचा सगळा वाजत होता. म्हणून अख्खा नळ काढायची गरज पडली नाही.

बिडाच्या आयुष्याबद्दल नेहमी व्हर्सायचा दाखला देतात. तिथल्या राजवाड्याच्या कारंज्यांसाठी १६६४ मध्ये टाकलेले बिडाचे नळ तीनशेहून अधिक वर्षं चालले. पण त्या नळांत स्वच्छ पाणी होतं आणि भिंती जाड होत्या. आपल्या नळातून काय जातं ते पाहिलं पाहिजे.

खानदेशात बोअरचं पाणी जड. बाथरूमच्या फरशीवर पांढरे डाग बसतात आणि ते घालवायला घरोघरी ॲसिडची बाटली असते. ते हायड्रोक्लोरिक आम्ल, बिडाला सरळ खाणारं. भरपूर पाणी मागोमाग सोडलं तर उभ्या नळात ते टिकत नाही. टिकतं ते ट्रॅपमध्ये, कारण तिथे पाणी साठून राहतं. म्हणून बिडाचा नहाणी ट्रॅप नळाच्या आधी जातो. दुसरा शत्रू दिसत नाही. सेप्टिक टँककडून येणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. आडव्या पाईपच्या वरच्या आतल्या भागावर ओल धरते, त्या ओलीत जिवाणू या वायूपासून गंधकाम्ल तयार करतात, आणि पाईप खालून नाही, वरून गळायला लागतो. पाणी वाहतं खालून, त्यामुळे गळती कळत नाही, फक्त वास येतो. पाणी न गळता वास येत असेल तर आडव्या बिडाच्या पाठीवरून हात फिरवून पाहावा.

पीव्हीसीला या दोन्हींचं काही वाटत नाही. घरातलं ॲसिड, ब्लीचिंग पावडर, सोडा, टँकचा वायू, सगळं ते पचवतं. त्याचं वैर आहे दोन गोष्टींशी, द्रावकांशी आणि उष्णतेशी. थिनर, ॲसिटोन, झायलिन हे द्रव पीव्हीसी मऊ करतात. घरात याने फरक पडत नाही. रंगाऱ्याने एकदा ब्रश धुतला म्हणून पाईप विरघळत नाही. पण पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत रोज झायलिन बेसिनमध्ये ओततात तिथे सांधे आधी जातात, कारण सांधा मुळात द्रावकानेच चिकटवलेला असतो. उष्णतेचं गणित असं. पीव्हीसी ६० अंशांपर्यंत निर्धास्त, ८० च्या आसपास नरम. घरातल्या गरम पाण्याने काही होत नाही. मेस, मंगल कार्यालय, वसतिगृह इथे मात्र मोठ्या पातेल्यातलं उकळतं पाणी एकदम ओततात, आणि आडवा पाईप दोन क्लॅम्पच्या मध्ये पोट काढतो. त्या पोटात तर्रीचं तेल थंडीत गोठतं आणि तुंबतं. अशा स्वयंपाकघराच्या मोरीपासून चेंबरपर्यंतचे पहिले काही मीटर मी अजूनही बिडाचेच घालतो. तिथे आवाजासाठी नाही, उकळत्या पाण्यासाठी.

आणि मग जळगावचा सराफ बाजार. सोन्याचं काम म्हणजे तेजाब आलंच. नायट्रिक आम्ल बिडाला लावणं म्हणजे पाईपला विष घालणं. पातळ नायट्रिकला पीव्हीसी पुरतं, पण तीव्र आणि गरम आम्लापुढे तेही नको. इथे चिनी मातीला तोड नाही. ही माती साधारण १२०० अंशांवर भाजतात, आणि जुन्या पद्धतीत भट्टी ऐन तापात असताना तिच्यात मीठ टाकत. मिठातला सोडियम वाफ होऊन मातीतल्या वाळूशी मिळतो आणि पाईपवर आतून-बाहेरून काचेचा थर बसतो. काचेला जे जे चालतं ते ते या पाईपला चालतं. हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि गरम तीव्र कॉस्टिक सोडले तर त्याला खाणारं काही नाही. लंडनमध्ये लॅम्बेथला हेन्री डोल्टनने १८४६ मध्ये असे पाईप काढायला सुरुवात केली आणि तिथून ते जगभर गेले. तेजाबाचं पाणी आधी चुन्याने मारून मगच गटारात सोडायचं असतं, हे वेगळं सांगायला नको. पण ते मारण्याच्या हौदापर्यंतचा नळ चिनी मातीचा असावा आणि त्याचे जोड सिमेंटचे नसावेत. आम्ल पाईपला सोडून जोडालाच खातं. तिथे आम्ल सोसणारं भरण लागतं.

जोडाची ही गोष्ट पुढे मोठी होत जाते, कारण आता जमिनीखाली उतरायचं आहे.

अंगण खणलं तेव्हा चिनी मातीचा एकही पाईप स्वतःहून झिजलेला नव्हता. धुऊन काढला तर कालच भट्टीतून आल्यासारखा चकाकत होता. आणि तरी लाईन कामातून गेलेली होती. माझ्याबरोबरच्या वयस्क प्लंबरने कपाळाचा घाम पुसत निकाल दिला, "पाईप फुटत नही भो, जोड फुटस."

चिनी मातीचा पाईप ६० सेंटिमीटरचा असतो, फार तर ९०. पंधरा मीटरला २५ पाईप, म्हणजे मधले २४ जोड. प्रत्येक जोडात डांबरात भिजवलेली सुतळी ठासायची आणि वरून एकास एक सिमेंट-वाळूचा लेप. असा जोड दगडासारखा ताठ. खाली जमीन जर मुरमाची किंवा खडकाची असेल तर शंभर वर्षं काही होत नाही. पण तापीच्या खोऱ्यातली काळी माती दगड मानत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगून वर येते. काळ्या मातीत घराचा पाया घेताना खांब साडेतीन मीटर खाली नेतात, कारण ही हालचाल तिथे जाऊन थांबते. आणि सांडपाण्याची लाईन असते किती खोल? दोन-तीन फूट. म्हणजे ऐन नाचणाऱ्या थरात.

आता उतार पाहा. चार इंची लाईनला चाळीसला एक उतार देतात. पंधरा मीटरला साडेसदतीस सेंटिमीटर, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या एका पाईपच्या वाट्याला फक्त १५ मिलिमीटर. एका पावसाळ्यात त्या पाईपचं खालचं टोक २० मिलिमीटर वर उचललं गेलं, की त्याचा उतार उलटा झाला. काळी माती इतकं सहज करते. जोडाचा सिमेंटचा कडा तडकतो, पाणी झिरपतं, कडुनिंबाची मुळं त्या ओलीच्या वासावर येतात, पाठोपाठ घूस. आमच्या लाईनीत नऊ जोडांत मुळांचे झुपके होते, वेणीसारखे.

कोपऱ्यातली तिरकी भेग इथेच उलगडली. भर मे महिन्यात अख्खं अंगण फुटलेलं होतं, पण नैर्ऋत्य कोपऱ्याजवळ दोन हात जागा हिरवी होती. गळतीने तिथली माती बारमाही ओली आणि फुगलेली, बाकीची वाळून बसलेली. पायाचा एक कोपरा वर, दुसरा खाली. काळ्या मातीत फुटलेला गटाराचा पाईप आधी नाकाला कळतो आणि मग भिंतीला. खात्री करायला दोन्ही चेंबर धुऊन कोरडी केली, खालच्या चेंबरमध्ये बादली लावली आणि वरून चार बादल्या ओतल्या. खाली जेमतेम अडीच आल्या.

मग तिथे काय घालायचं? रहिवाशांच्या समितीतल्या एका सदस्यांचं मत होतं, पुन्हा चिनी मातीच, चाळीस वर्षं चालली ना. तेही शक्य होतं. चर रुंद खणून काळी माती काढून टाकायची, मुरूम भरून कुटायचा, त्यावर पंधरा सेंटिमीटर काँक्रीटची पूर्ण लांबीची बैठक आणि पाईपच्या कमरेपर्यंत काँक्रीट. मग पाईप काँक्रीटच्या तुळईत बसतो आणि माती हलली तरी एकजीव हलतो. असं केलं तर चिनी मातीहून दीर्घायुषी काही नाही. पण खर्च पाईपचा उरत नाही, काँक्रीटचा होतो. आणि बिडाचं म्हणाल तर काळ्या मातीतली कायमची ओल त्याला बाहेरून खाते. जमिनीखाली मी ते सुचवलंच नाही.

आम्ही पीव्हीसी घातलं. पण भिंतीवरचं नाही. जमिनीखालच्या गटारासाठी वेगळं मानक आहे, आय.एस. १५३२८, आणि त्यात पाईप किती दाबला जाऊ शकतो यावरून प्रती ठरतात. पाईप सहा मीटरचे घेतले, त्यामुळे चोवीस जोडांच्या जागी मोजके राहिले, आणि तेही रबरी रिंगचे, जे थोडे कोनात वळू शकतात. जमीन हलली तर लाईन तुटण्याऐवजी वाकते. पण पीव्हीसी स्वतः ताठ नाही. त्याची ताकद बाजूच्या भरावात असते. खाली दहा सेंटिमीटर वाळू, दोन्ही बाजूंना वाळू थराथराने दाबून, पाईपच्या वर आणखी वीतभर, आणि मग मुरूम. उकरलेली काळी ढेकळं परत टाकायची नाहीत. मजुरांना हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण माती समोर फुकट पडलेली असते आणि वाळू विकत आणायची. ढेकळांत पोकळी राहते, पाईप अंडाकृती चेपतो, आणि रिंग एका बाजूने सुटते.

चेंबरशेजारी पहिला तुकडा मुद्दाम आखूड, दोन फुटांचा ठेवला. चेंबर जड, पाईप हलका; दोघं वेगवेगळे बसणार. आखूड तुकड्याला दोन्ही टोकांना रिंग असली की तो बिजागरीसारखा फिरतो आणि चेंबरच्या तोंडाशी पाईप कापला जात नाही. फाटकाखाली, जिथून गाडी जाते, तिथे वरून काँक्रीटची लादी टाकली. पीव्हीसीची आणखी एक दुखरी बाजू समितीला लिहून दिली. तुंबलं तर लोखंडी सळई घालायची नाही. बिडात चाळीस वर्षं तेच चाललं होतं. पीव्हीसीच्या बेंडला सळई आरपार जाते आणि पुढचे सहा महिने कोणाला कळत नाही. बांबूच्या कांब्या किंवा पाण्याचा दाब, एवढंच.

उभ्या नळाचं काम त्याहून लहान. वाजणारं बीड तसंच ठेवलं, भिंतीपासून सुटं करून मागून रंग दिला. ठस्स वाजणारा तळाचा दीड मीटर कापून तिथे नवं बीडच घातलं, पीव्हीसी नाही. तळाशी सायकली टेकतात, मुलं चेंडू मारतात, आणि वरून येणारं पाणी तिथेच आदळतं. जोडाला शिसं ओतणारा माणूस मात्र लवकर मिळेना. एका चार इंची जोडाला किलोभर शिसं लागतं, ते एका ओतात भरावं लागतं आणि थंड झाल्यावर छिन्नीने ठासावं लागतं. शेवटी शेजारच्या गावाहून सत्तरीचे एक मिस्त्री आले, त्यांनी दोन तासांत दोन जोड भरले आणि कोणाला शिकायचं असेल तर बघून घ्या म्हणाले. बघायला मी आणि चौकीदार होतो.

जळगावात अमृत योजनेतून आणि धुळ्यात देवपूर भागात भुयारी गटारांची कामं झाली, त्यामुळे आता पुष्कळ घरांची लाईन सेप्टिक टँकऐवजी रस्त्यातल्या चेंबरला जोडायची वेळ येते. तेव्हा घरापासून रस्त्यापर्यंतची लाईन नव्याने पडते. भराव टाकण्याआधी तिची चाचणी घ्यावी. खालचं तोंड बुच मारून बंद करायचं, वरचं चेंबर काठोकाठ भरायचं, खडूने रेघ ओढायची आणि अर्ध्या तासाने पाहायचं. चिनी मातीच्या लाईनीत सिमेंटचे जोड सुरुवातीला थोडं पाणी पितात, म्हणून तिथे आदल्या दिवशी भरून ठेवावं. पीव्हीसीत रेघ जागची हलता कामा नये. मग पाणी सोडून देऊन पाईपच्या आतल्या मापापेक्षा अर्ध्या इंचाने लहान चेंडू वरून सोडायचा. उतार सरळ असेल तर तो न थांबता खाली येतो. आमचा पहिल्या खेपेला फाटकाजवळ अडकला. उकरून पाहिलं तर लादीखाली कोणीतरी वाळूऐवजी एक मोठं काळं ढेकूळ ढकललं होतं.